सातवा प्रश्न

नांदेडच्या पॉलिटेक्निकमध्ये मी आठ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं. दर जूनला नवा अर्ज, दर जूनला नवी मुलाखत, समोर तीच माणसं. नवव्या जूनला मी अर्ज केला नाही. लातूरच्या एमआयडीसीत सोयाबीन तेलाचा एक मोठा कारखाना आहे, त्याचाच एक छोटा कारखाना नांदेडला. दोन्हीकडं मिळून एक प्रशिक्षण अधिकारी हवा होता, बसायचं लातूरला. मी इलेक्ट्रिकलची, शिकवण्याचा अनुभव असलेली, आणि नांदेड-लातूर ये-जा करायला तयार. मला घेतलं.

पहिल्याच आठवड्यात व्यवस्थापकांनी माझ्यापुढं एक फाइल ठेवली. आमचे व्यवस्थापक म्हणजे दोन्ही कारखान्यांच्या माणसांचा कारभार बघणारे गृहस्थ. आवाज कधी चढायचा नाही. फाइलमध्ये कंपनीचा 'कुलूप-टॅग'चा कोर्स होता. मशिनीवर दुरुस्तीला हात घालण्याआधी तिची वीज तोडायची, स्विचला आपलं कुलूप घालायचं, त्यावर आपल्या नावाचा टॅग लटकवायचा आणि वीज खरोखरच गेली आहे याची खात्री करायची. हे माणसांना शिकवण्याचा तो कोर्स. पहिल्याच पानावर उद्दिष्टं होती: 'प्रशिक्षणार्थींना सुरक्षिततेचे महत्त्व समजेल.' 'प्रशिक्षणार्थींमध्ये कुलूप-टॅगविषयी जागरूकता निर्माण होईल.'

"हे नव्यानं लिहा," ते म्हणाले. "आपलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक ऑडिटला माणूस पाठवतंय. गेल्या खेपेला त्यानं शेरा मारला होता, उद्दिष्टं मोजता येत नाहीत म्हणून."

शेरा बरोबर होता. 'समजेल' हे मोजणार कशानं? माणूस मान डोलावतो, आपण म्हणतो समजलं. मला वाटलं, चला, आठ वर्षांनी कुणीतरी मला माझ्या कामाचं काम दिलं. खरंच आनंद झाला होता. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढं जे झालं त्यात माझा हात होता, आणि तो हात आनंदानंच पुढं केला होता.

उद्दिष्ट लिहायचं तर आधी काम बघावं लागतं. पुस्तकातलं नाही, जो चांगलं करतो त्याचं. मी विचारलं, कुलूप-टॅग सगळ्यात चांगलं कोण करतं? लातूरच्या लोकांनीसुद्धा एकच नाव घेतलं. नांदेडच्या कारखान्यातले इलेक्ट्रिशियन मिस्त्री. मूळचे देगलूरकडचे, पंचवीस वर्षं त्याच पॅनेलवर. मी अहमदपूर-लोहा करत एसटीनं नांदेड गाठलं आणि दोन दिवस त्यांच्या मागं वही घेऊन फिरले.

पॅनेलची खोली म्हणजे जिथून सगळ्या मोटरींना वीज जाते ती खोली. लोखंडी कपाटांची रांग, प्रत्येक मोटरीसाठी एक कप्पा. त्याला फीडर म्हणतात; वीज असली की त्यावर लाल दिवा पेटतो. मिस्त्री आत शिरले की बोलणं थांबायचं. एका कन्व्हेयरच्या मोटरीचं बेअरिंग बदलायचं होतं. त्यांनी आधी कन्व्हेयरवरच्या माणसाला जाऊन सांगितलं. माल पुढं काढून पट्टा रिकामा होऊ दिला. मोटर बटणानं बंद केली. मग खोलीत येऊन फीडरचा स्विच पाडला, कमरेचं कुलूप काढून लावलं, टॅग अडकवला, किल्ली खिशात. इथवर पुस्तकात होतं ते.

मग त्यांनी सेलवर चालणारा टेस्टर काढला आणि फीडरकडं न जाता भिंतीवरच्या सॉकेटकडं गेले. सॉकेटमध्ये टेस्टर लावून बघितला. पेटला. मग फीडरवर तिन्ही तारा तपासल्या, एकमेकींशी आणि अर्थिंगशी. पेटला नाही. मग परत सॉकेटवर गेले, परत पेटवून बघितला. शेवटी मोटरीपाशी जाऊन सुरू करायचं बटण दाबलं. मोटर हलली नाही.

"सॉकेटवर दोनदा कशाला?" मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं, पण त्यांच्या तोंडून हवं होतं.

"टेस्टरच मेला असंल तर?" ते म्हणाले. "मेलेला टेस्टर सगळीकडं 'वीज न्हाई' म्हणूनच सांगतो, मॅडम. त्याच्यावर भरोसा ठिवून हात घातला की खेळ खलास. आदी बघायचं जिता हाय का. मंग काम. मंग परत बघायचं, काम करता करता मेला का काय."

"आणि फीडरवरचा तो लाल दिवा? स्विच पाडला की तो विझतोच ना?"

त्यांनी डाव्या हाताची बाही वर केली. कोपराच्या खाली वीतभर कातडी चकचकीत, सुरकुतलेली. "दिव्याचा बल्ब गेलता. मला वाटलं, विझला. सतरा साल झाले. दिवा बगून हात घालायचा न्हाई. हे ल्ह्या तुमच्या वहीत."

मी लिहिलं.

लातूरला परतून मी आठवडाभर बसले. उद्दिष्टाला तीन अंगं लागतात: माणूस काय करून दाखवेल, कोणत्या परिस्थितीत, आणि किती चोख. मी लिहिलं: 'चालू फीडर, कुलूप, टॅग आणि टेस्टर दिल्यावर, प्रशिक्षणार्थी कुणाचीही मदत न घेता त्या फीडरची वीज तोडेल, कुलूप-टॅग लावेल आणि वीज नसल्याचं सिद्ध करून दाखवेल. एकही जीवघेणी पायरी चुकता कामा नये.' पहिल्या फाइलीतल्या 'समजेल'च्या जागी आता अशी क्रियापदं होती की डोळ्यांनी दिसतील: तोडेल, लावेल, दाखवेल.

चाचणीही तशीच बांधली. जे करून दाखवायचं आहे ते करूनच घ्यायचं. अकरा पायऱ्यांची यादी, शेजारी दोन रकाने: केली, नाही केली. चार पायऱ्यांपुढं चांदणी. चांदणीवाली एक जरी चुकली तरी माणूस नापास, बाकीच्या दहा कितीही सुंदर केल्या तरी. इथं सरासरीला अर्थ नसतो. दहा वेळा बरोबर आणि अकराव्या वेळी मेला, याला नव्वद टक्के म्हणत नाहीत. दोन परीक्षक वेगवेगळे उभे राहून टिपतील आणि नंतर ताडून बघतील, म्हणजे निकाल कुणा एकाच्या मर्जीवर राहणार नाही.

ती यादी मी मिस्त्रींना वाचून दाखवायला पुन्हा नांदेडला नेली. ते ऐकत होते. मध्येच म्हणाले, "दोगं काम करायलेत तर?"

"म्हणजे?"

"एक कुलूप माझं. दुसरा गडी बी आत हात घालतोय. मी माझं काढून गेलो तर त्यो उगडा पडला की. ज्याचा हात त्याचं कुलूप." मग म्हणाले, "आन् काढायचं? लावायचं शिकवायलात, काढायचं कोण शिकवंल? लई लोक काढतानाच मेलेत."

मी दोन्ही घातलं. यादी तेरा पायऱ्यांची झाली. एवढी नेमकी चाचणी मी पॉलिटेक्निकमध्ये आठ वर्षांत एकदाही काढली नव्हती. त्यातलं चांगलं अर्धंअधिक मिस्त्रींचं होतं.

लातूरच्या बैठकीत व्यवस्थापकांनी ती यादी शेवटपर्यंत वाचली. हे त्यांच्याबद्दल सांगायला हवं. वाचली, पण.

"एका माणसाला किती वेळ?"

"अर्धा तास. दोन परीक्षक."

"आणि त्यासाठी फीडर बंद ठेवायचा. म्हणजे लाइन बंद. मॅडम, सोयाबीन यार्डात येऊन पडलंय. हंगामात लाइन बंद ठेवा म्हणून मी शेठना कुठल्या तोंडानं सांगू?"

"दुरुस्ती तर रोज होतेच. त्या वेळी—"

"त्या वेळी दुरुस्ती करायची असते, परीक्षा नाही." त्यांनी कागद माझ्याकडं सरकवला. "लेखी घ्या. वीस प्रश्न, पर्याय दिलेले. सोळाला पास. जो नापास होईल त्याचं पॅनेलवर काम करायचं परवानगीपत्र काढून घ्यायचं, म्हणजे ऑडिटरला दिसेल की आपण गंभीर आहोत. चार दिवसांत द्या."

मी म्हणाले, लेखी परीक्षेनं फक्त आठवण मोजता येते, हात मोजता येत नाही. ते म्हणाले, पुढच्या वर्षी करू तुमचं प्रात्यक्षिक. मी म्हणाले, ठीक आहे.

ठीक आहे. नोकरीला अजून सहा महिने झाले नव्हते. घरी म्हातारे सासरे, नवऱ्याची बदली किनवटला. कारणं सगळी खरी होती. तरी त्यांच्या आड ते दोन शब्द लपत नाहीत.

एक काम मात्र मी प्रामाणिकपणे केलं. चाचणी बदलली तर उद्दिष्टही बदललं पाहिजे, नाहीतर ते खोटं. म्हणून 'सिद्ध करून दाखवेल' खोडून मी 'योग्य पायऱ्या ओळखेल' असं केलं. प्रमाणपत्रं छापून आली तेव्हा त्यावर पुन्हा 'करून दाखवण्यास सक्षम' होतं. व्यवस्थापकांनी परस्पर बदललं होतं. "ओळखेल काय ओळखेल," ते हसत म्हणाले, "माणूस कामाचा वाटला पाहिजे."

वीस प्रश्न मी एका रविवारी काढले. पंधरा बरे झाले. मग डोकं चालेना आणि आकडा तर वीसच हवा होता. टॅगच्या फॉर्मचा क्रमांक काय, असला एक प्रश्न घातला. त्यानं कुणाचा जीव वाचत नाही. असलेच आणखी तीन. आणि सातवा प्रश्न: 'फीडर बंद केल्यावर वीज नसल्याची खात्री कशी कराल? अ) दर्शक दिवा विझल्याचे पाहून. ब) टेस्टरने तपासून. क) सुरू करण्याचे बटण दाबून. ड) वरील सर्व.'

उत्तर मी 'ड' ठरवलं. 'वरील सर्व' हा आळशी मास्तरचा पर्याय, हे मी पोरांना वर्गात शिकवलं होतं. तरी घातला. दिव्याचं वहीत लिहिलेलं होतं, वही टेबलावरच होती. त्या रविवारी मी ती उघडली नाही.

परीक्षा नांदेडच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये झाली. पॅनेलवर काम करणारे दहा जण. चहाची टेबलं पुसून त्यावर पेपर ठेवले. मिस्त्री खिडकीजवळ बसले, नवा चष्मा लावून. त्यांची शाळा सीमेपलीकडं तेलुगूत सहावीपर्यंत झालेली. मराठी वाचायचे, पण ओळीखाली बोट सरकवत. बाकीचे अर्ध्या तासात आटोपून पेपर देऊन निघाले. मिस्त्री अजून पहिल्याच पानावर.

त्यांनी हात वर केला. मी गेले.

सातव्या प्रश्नावर बोट होतं. "मॅडम, ह्याच्यात 'सर्व' टिक केलं तर दिवा बी आला की. दिवा विझला म्हंजी वीज न्हाई, असं मी ल्हायचं का?"

मी तो प्रश्न वाचला. माझाच प्रश्न. त्या क्षणी मला कळलं होतं का? कळलं होतं. पुरतं नाही. कँटीनच्या दारात देखभाल विभागाचे इंजिनिअर उभे होते, आमच्याकडं बघत. परीक्षेत परीक्षकानं उत्तर सुचवायचं नसतं, हा नियम मला मदतीला धावून आला.

"मला काही सांगता येणार नाही, मिस्त्री. नीट वाचा आणि तुम्हाला योग्य वाटतं ते लिहा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग मान खाली घातली आणि 'ब'वर खूण केली, पेन दाबून. कागद फाटेल की काय असं वाटलं.

दहा जणांत नऊ पास झाले. एका इलेक्ट्रिशियनला वीसपैकी वीस. मिस्त्रींना पंधरा.

व्यवस्थापकांना निकाल फोनवर कळवून झाला होता. त्यानंतर मी पेपर घेऊन बसले, प्रत्येक प्रश्न कुणी बरोबर सोडवला हे मांडायला. हे मी कॉलेजात शिकलेलं. प्रश्न चांगला असेल तर कामातले पक्के लोक तो बरोबर सोडवतात आणि कच्चे चुकतात. सातव्या प्रश्नाचं उलटं झालं होतं. 'ब' लिहिणारे तिघंच होते: मिस्त्री आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेले दोघं. ज्यांना काम येत होतं नेमके तेच चुकले होते. म्हणजे चुकला होता प्रश्न. तो रद्द केला, किंवा 'ब' बरोबर धरला, तर मिस्त्रींचे सोळा होत होते. पास.

मी दुसऱ्या दिवशी लातूरला व्यवस्थापकांपुढं पेपर आणि तक्ता ठेवला. त्यांनी ऐकून घेतलं.

"पेपर कुणी काढला?"

"मी."

"उत्तरं कुणी ठरवली?"

"मीच."

"आणि निकाल लागल्यावर तुम्हीच म्हणताय की प्रश्न चुकला. तोही नेमका एकच माणूस नापास झाल्यावर." आवाज तसाच मऊ. "ऑडिटर विचारेल, एक प्रश्न चुकला तर बाकीचे एकोणीस बरोबर कशावरून? काय सांगू त्याला?"

बाकीच्या एकोणीसमधले चार मलाच पटत नव्हते. हेच त्यांना सांगितलं असतं तर? सगळी परीक्षाच रद्द करा, असं म्हटलं असतं तर? मी म्हटलं नाही. मी म्हणाले, "त्या माणसाला पंचवीस वर्षं झाली."

"मग पुन्हा देतील परीक्षा. महिन्यानं. नियम सगळ्यांना सारखा." त्यांनी निकालपत्रक माझ्यापुढं ठेवलं. 'परीक्षक' लिहिलेल्या जागी माझी सही हवी होती.

मी केली.

मिस्त्रींना वजनकाट्यावर बसवलं. ट्रक आत येतो, काट्यावर उभा राहतो, पावती द्यायची. पॅनेलच्या खोलीत जायला त्यांना आता बंदी. नांदेडचे लोक सांगायचे, पॅनेलवर काही अडलं की पोरं धावत काट्यावर जातात. मिस्त्री येतात, खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभे राहतात आणि तिथून सांगतात: तो नव्हं, पलीकडचा, आदी टेस्टर बघ. आत पाऊल टाकत नाहीत. परवानगीपत्र नाही म्हणून.

पंधरा दिवसांनी मी त्यांना भेटायला काट्यावर गेले. केबिनमध्ये दोनच खुर्च्या. त्यांनी एक पुसून मला दिली. मी सगळं सांगितलं. प्रश्न माझा होता, चूक माझी होती, तुमचं उत्तर बरोबर होतं, मी बोलले पण ऐकलं नाही, आणि शेवटी सही मीच केली.

त्यांनी हातातलं पावतीपुस्तक मिटलं.

"मी तुमाला हाक मारली होती," ते म्हणाले.

"हो."

"तवा तुमाला ठावं होतं."

हा प्रश्न नव्हता.

"दोन दिवस माझ्यामागं हिंडला. मी सगळं सांगितलं. बाहीसुद्दा वर केली. कधी कुणाला दाखवत न्हाई मी." त्यांचा आवाज वाढला नाही, वाढला असता तर बरं झालं असतं. "माझंच घेऊन मलाच नापास केलं, मॅडम."

"पुढच्या आठवड्यात फेरपरीक्षा आहे. द्या. मी तो प्रश्न बदलला आहे."

"ज्यांनी दिवा ल्हिला ते पास हायत का?"

"हो."

"त्यांची परत घेणार?"

"नाही."

"मंग मी कशाला बसू?"

बाहेर ट्रक हॉर्न वाजवत होता. ते पावतीपुस्तक घेऊन उठले. मी खुर्चीवरून उठले तेव्हा त्यांनी वळून बघितलं नाही.

फेरपरीक्षेला ते बसले नाहीत. दिवाळीनंतर राजीनामा देऊन देगलूरला गेले. तिथं जळालेल्या मोटरींची तार नव्यानं भरून द्यायचं दुकान टाकलं, असं कळलं. चांगलं चालतं म्हणतात. मी गेलेले नाही.

त्यांच्या जाण्याआधी मी एक गोष्ट केली, आणि ती केली याचंही मला कौतुक सांगता येत नाही, कारण पुढं काय झालं ते ऐका. नांदेडच्या देखभाल इंजिनिअरना मी गाठलं. साप्ताहिक सुट्टीचा दिवस होता, लाइन बंदच होती. म्हटलं, पास झालेल्या नऊ जणांची माझ्या यादीप्रमाणं चाचणी घेऊन बघू. फक्त आपल्या माहितीसाठी. ते तयार झाले.

एक रिकामा फीडर घेतला. त्याला मागूनच वीज नव्हती, म्हणजे कुणी चुकला तरी झटका बसायला नको. पण हे त्या नऊ जणांना सांगितलं नाही. एकेकाला आत बोलावलं आणि एक टेस्टर हातात दिला. त्यातले सेल मी काढून ठेवले होते. मी एका कोपऱ्यात, इंजिनिअर दुसऱ्या कोपऱ्यात, दोघांच्या हातात वेगळी यादी.

पहिला आला तो वीसपैकी वीसवाला. स्विच पाडला, कुलूप झकास लावलं, टॅगवर सुवाच्य नाव. टेस्टर थेट फीडरवर. एक तार, दुसरी, तिसरी. पेटला नाही.

"वीज नाही," तो खणखणीत म्हणाला आणि हात पुढं केला.

"थांब," इंजिनिअर ओरडले.

नऊपैकी सात जणांनी हेच केलं. दोघंच आधी भिंतीवरच्या सॉकेटकडं गेले. त्यातला एक टेस्टर हलवून म्हणाला, "हा मेलेला हाय, दुसरा द्या." दोघंही मिस्त्रींच्या हाताखालचे. आमच्या दोघांच्या याद्या ताडल्या. चांदणीवाल्या पायऱ्यांवर एकाही ठिकाणी फरक नव्हता. इंजिनिअरनी यादी घडी करून खिशात घातली आणि म्हणाले, "हे वर कळवणार?"

"कळवायलाच हवं."

"माझं नाव घालू नका."

मी अहवाल लिहिला, दोन पानी. प्रमाणपत्र 'करून दाखवण्यास सक्षम' म्हणतं, आणि नऊपैकी सात जणांना करून दाखवता आलं नाही. व्यवस्थापकांनी वाचला. या खेपेला हसले नाहीत.

"ऑडिट चार दिवसांवर आहे. हा कागद आत्ता फाइलला लागणार नाही." मग म्हणाले, "आणि तुम्ही सेल काढून दिले? हे फसवणं झालं. कामगारांनी तक्रार केली तर?"

ऑडिटरच्या दिवशी मी लातूरच्या बैठकीच्या खोलीत होते. अहवालाची एक प्रत माझ्या पर्समध्ये होती. ऑडिटर बाई होत्या, माझ्याच वयाच्या, बारीक वाचणाऱ्या. उद्दिष्टं वाचली. प्रमाणपत्र बघितलं. पेपर उलटला. आता त्या विचारतील, असं मला वाटलं: करून दाखवेल म्हणता, तर करून घेतलं कुठं? एवढंच विचारायचं होतं. मी पर्सवर हात ठेवून बसले होते. त्यांनी विचारलं असतं तर मी कागद बाहेर काढला असता, असं मी आजवर स्वतःला सांगत आले.

त्यांनी पान उलटलं. "नापास झालेल्या माणसाला कामावरून बाजूला केलंत, हे चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "बहुतेक ठिकाणी करत नाहीत." आणि एका हजेरीपत्रकावर तारीख राहिली होती ती घालून घेतली.

गेल्या खेपेचा शेरा पुसला गेला. व्यवस्थापकांनी पेढे वाटले. माझ्या टेबलावरही एक आला. मी तो खाल्ला.

दुसऱ्या वर्षी प्रात्यक्षिक सुरू झालं. माझीच तेरा पायऱ्यांची यादी, तीच चांदण्यांची रीत. पण फक्त नव्यानं भरती होणाऱ्यांना, कारण ते अजून लाइनवर नसतात, त्यांच्यासाठी काही बंद ठेवावं लागत नाही. जुन्या प्रमाणपत्रवाल्यांना त्यातून सूट आहे. ही सूट देणारी ओळ व्यवस्थापकांनी सांगितली, मी टाइप केली. नवी पोरं चांगली निघतात. त्यांना मी स्वतः शिकवते, टेस्टर आधी सॉकेटवर, मग फीडरवर, मग परत सॉकेटवर, आणि ती सवय हाताला लागेपर्यंत त्यांना सोडत नाही. हे कुणाकडून शिकले ते सांगत नाही. कंपनी सोडून गेलेल्या माणसाचं नाव प्रशिक्षणात घ्यायचं नाही, असा काही नियम नाही. मीच घेत नाही.

त्या सात जणांना मी सुट्टीच्या दिवशी पुन्हा शिकायला बोलावलं होतं, आपणहून, कुणाला न विचारता. पॅनेलच्या खोलीत कुलपं मांडून बसले. तिघं आले. वीसपैकी वीसवाला आला नाही. निरोप पाठवला, मॅडम, माझ्याकडं प्रमाणपत्र आहे.